त्रेसष्ट पानांत न लिहिलेली ओळ

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच माणूस आहे. स्थळ, रत्नागिरीत मारुती मंदिराच्या चौकाजवळची इमारत, दुसरा मजला, जाहिरात एजन्सीची लांबट खोली. वेळ, एप्रिलमधली दुपार, जेवणं आटोपलेली. डावीकडे खिडकी, तिच्यातून खालच्या रिक्षांचे हॉर्न वर येतायत. उजवीकडे काचेची केबिन. मधोमध टेबल, टेबलावर संगणक, आणि त्याच्यासमोर एकसष्ट वर्षांचा आत्माराम रेवाळे. चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चेहरा शांत आहे. पण उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासला जातोय, बोटाला लागलेला रंग पुसावा तसा. ज्यांनी त्याच्याबरोबर दिवस काढले त्यांना ठाऊक आहे, हा अंगठा चालू झाला की आत्माराम रागावलेला असतो. आणि तो दिवसभर चालूच आहे.

केबिनमधून अभयचा प्रवेश. एजन्सीचा मालक, वय पस्तीस. हातात फोन, नजर फोनवर.

"काका, आपल्या क्लायंट कमलाकाकूंच्या चित्रांची हँडओव्हर नोट लिहून द्या, काम दुसऱ्याला सोपवायची. सोमवारी नवीन मुलगी येतेय, दापोलीची. दोन पानांत तिला सगळं समजलं पाहिजे."

"दोन पानांत."

"मशीनवर चाललेले प्रॉम्प्ट आणि त्यांचे सीडचे आकडे. संपलं. फसलेलं काही टाकू नका. उद्या नोट क्लायंटच्या हाती लागली तर त्यांना वाटेल, आपण तीन वर्षं नुसत्या चुका करत बसलो."

"बसलोच होतो की."

"काका, प्लीज."

"अभयशेठ, चाललेली चित्रं एकोणीस. फसलेली चारशेच्या वर. एकोणिसांच्या जिवावर ती पोरगी विसावं कसं करील? त्या चारशेंतल्याच एखाद्या खड्ड्यात जाऊन पडेल."

"पडू दे. शिकेल."

अभय परत केबिनमध्ये गेला. काचेचं दार त्याच्यामागे हळूच लागलं. आत्मारामला वाटलं, निदान दार तरी आपटायचं होतंस. भांडायलाही हा माणूस समोर उभा राहत नाही.

मे अखेर आत्मारामला निवृत्त व्हायचं होतं. हेही त्याला असंच, फोनवर नजर ठेवून सांगितलं गेलं होतं. शाल आणि नारळ आणून ठेवलेत, हे त्याला पाणी भरणाऱ्या बाईकडून कळलं.

आत्माराम मूळचा संगमेश्वराच्या बाजूचा, घाटाच्या पायथ्याकडच्या गावचा. घरी भातशेती, थोरले भाऊ मुंबईला गिरणीत. याच्या हातात मात्र लहानपणापासून कोळसा. शाळेच्या भिंतीवर, गोठ्याच्या दारावर, जिथे मोकळी जागा दिसेल तिथे. सोळाव्या वर्षी गावच्या नाटकाचा पडदा फाटला आणि नवा रंगवायला रत्नागिरीहून माणूस आणायची ऐपत नव्हती, म्हणून पंचांनी मांजरपाट याच्यापुढे टाकला. सरस उकळून त्यात रंगाची भुकटी घोटायची, आणि कापड ओलं असेपर्यंत हात चालवायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तीन पडदे झाले. रस्ता, जंगल आणि राजवाडा. राजवाडा त्याने कधी पाहिलेला नव्हता, म्हणून त्याने दशरथाला जांभ्या दगडाच्या भिंती दिल्या आणि खांबाच्या बाजूला पाण्याचा हंडा ठेवला. प्रेक्षक हसले, पण राजा झालेला नट म्हणाला, या राजवाड्यात मला घरी आल्यासारखं वाटतं. पुढची पंधरा वर्षं त्या पंचक्रोशीत एकही नाटक आत्मारामच्या पडद्याशिवाय उभं राहिलं नाही. नट बदलले, पात्रं मेली, राजे म्हातारे झाले, आणि मागे तेच जंगल हिरवं राहिलं.

मग नाटकं विरळ झाली आणि तो शहरात येऊन पाट्या रंगवू लागला. अभयच्या वडिलांनी, सहदेवशेठनी, त्याला हातखंब्याला पत्र्याचा बोर्ड रंगवताना बघितलं आणि गाडी थांबवून तिथेच कामाला घेतलं. तो बोर्ड कमलाबाईंचा होता. पावसकडच्या कमलाबाई तेव्हा आंबापोळी, फणसपोळी आणि कोकमचं आगळ विकायला नुकत्याच लागल्या होत्या. आत्मारामने त्यांना अंगणात ताटावर रस पसरताना बसवलं, समोर बसून चेहरा काढला, आणि बोर्डावर तोच मोठा केला. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं ते गिऱ्हाईक एजन्सीकडे होतं. फ्लेक्स आलं, ब्रश माळ्यावर गेले. सहदेवशेठनी आत्मारामला संगणक शिकवला. चाळिशी उलटलेला माणूस माऊस धरून घामाघूम व्हायचा आणि शेठ मागे उभे राहून म्हणायचे, "घाबरू नको रे, तो उंदीर आहे, वाघ नाय."

सहदेवशेठ गेले. अभय आला. आणि तीन वर्षांपूर्वी अभयने चित्रं तयार करणारं मशीन आणलं.

मशीन म्हणजे एक ताकदवान संगणक आणि त्यात एक प्रणाली. तिला इंग्रजीत सांगायचं, अमुक बाई, तमुक साडी, असा उजेड. ते सांगणं म्हणजे प्रॉम्प्ट. मशीन आधी नुसता ठिपक्यांचा गोंधळ घेतं, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसा, आणि त्यातून टप्प्याटप्प्याने चित्र बाहेर काढतं. कोणत्या गोंधळापासून सुरुवात करायची हे एक आकडा ठरवतो. तो सीड. प्रॉम्प्ट तोच, सीड तोच, प्रणालीची आवृत्ती, चित्राचा आकार आणि टप्पे तेच, तर चित्र पुन्हा तेच येतं. यातलं एक बदललं की सगळं बदललं. एजन्सीतल्या तरुण पोरांनी आठवडाभर खेळून ते सोडून दिलं. आत्माराम मात्र बसून राहिला, कारण मशीन काय चुकतंय हे दिसायला आंबा बघितलेला डोळा लागत होता.

त्या दुपारी अभय गेल्यावर आत्मारामने नोट लिहायला घेतली, आणि रागाच्या भरात ती दोन पानांची त्रेसष्ट पानं झाली. त्यात त्याने काय नाही लिहिलं?

"खेड्यातली बाई असं लिहू नये. मशीन तिला घागरा आणि चांदीचे दागिने घालतं. आजी असं तर मुळीच लिहू नये. विलायती म्हातारी येते, मांडीवर लोकर, मागे धुराडं."

"आंबा असं लिहिलं की लाल गालांचा आंबा येतो. हापूस लाल नसतो. पण लाल नको, असं प्रॉम्प्टमध्ये लिहिलं तर आणखी लाल होतो, कारण मशीन नको ऐकत नाही, लाल ऐकतं. नको असलेल्या गोष्टींचा चौकोन वेगळा आहे, लाल तिथे टाकावा. हे कळायला मला नऊ दिवस लागले."

"आंबापोळीचा डोसा होतो. कोकमाची चेरी होते. जांभ्याच्या भिंतीची विटांची भिंत होते. दगड मोठा, सच्छिद्र, असं वर्णन करावं. मराठी अक्षरं मशीनकडून काढून घेऊ नयेत, ती नंतर आपण बसवावीत."

"एका वेळी चार चित्रं काढली तर प्रत्येकाचा सीड एकेकाने वाढतो. स्क्रीनवर पहिल्याचा दिसतो. तिसरं आवडलं तर आकड्यात दोन मिळवून लिहावं. मी हे न केल्यामुळे फणसपोळीचं एक सुंदर चित्र कायमचं हरवलं. चूक माझी."

अशी प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची नोंद. तारीख, आकडा, काय बिघडलं, का बिघडलं, मग काय केलं. आणि एकोणीस चाललेल्या चित्रांची स्वतंत्र पानं. पण त्यातलं पहिलंच पान लिहिताना त्याचा हात थांबला.

ते चित्र म्हणजे तीन वर्षांपूर्वी केलेलं कमलाकाकींच्या आंबापोळीचं नवं पाकीट. तीन आठवडे खपल्यावर मशीनकडून सगळं नीट निघालं होतं. अंगण, ताट, काष्ट्याचं लुगडं, हापूसचा रंग. चेहऱ्यासाठी बाईंचे बावीस जुने फोटो मशीनला दिले होते. चेहरा आला, तो कमलाबाईंच्या चुलतबहिणीचा असावा तसा. ओठ मिटलेले, मेण घातल्यासारखे. खऱ्या कमलाबाईंचं हसू डाव्या कोपऱ्यापासून सुरू व्हायचं, समोरचा खरं बोलतोय की नाही हे आधी चाखून बघत असल्यासारखं, आणि मग उजवीकडे पोचायचं. मशीनला ते काही केल्या येईना. कमलाबाई चार वाजता यायच्या होत्या. साडेतीनला आत्मारामने डिजिटल पेन हातात घेतला आणि ओठ, डावा डोळा, गालाची ती रेघ हाताने रंगवली. वीस मिनिटं लागली.

कमलाबाईंनी चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "ही मी."

आणि अभयने संगणकाच्या पेटीवर थाप मारली. "बघा काकू. माणसाचा हातसुद्धा लागलेला नाही."

आत्माराम तिथेच उभा होता. बोलायला एक फट हवी होती, ती मिळाली नाही. संवाद चुकलेल्या नटाला जसं वाटतं तसं त्याला झालं. नंतर बोललं तर हसं होतं. त्याने रंगवलेला थर खालच्या चित्रात मिसळून टाकला, म्हणजे शोधूनही कुणाला सापडू नये. फ्लेक्सने माझा ब्रश नेला, आता माझ्या वाट्याची शाबासकीची थापही या पेटीनेच घ्यावी, असं त्याच्या मनात बसलं ते बसलंच. मग पुढच्या अठराही चित्रांत त्याने तेच केलं. गुपचूप, दर वेळी वीस मिनिटं.

आता नोटेच्या त्या पानावर एक ओळ लिहायची होती. चेहरा हाताने. दोन शब्द.

अंगठा तर्जनीवर फिरत राहिला. लिहून कुणाला देऊ, अभयला? माणसाचा हात लागला नाही म्हणतोस ना, मग हसव तुझ्या पेटीला. त्याने आकडा लिहिला, आवृत्ती लिहिली, आकार लिहिला, आणि पान उलटलं.

सोमवारी दीक्षा आली. दीक्षा पवार, दापोलीजवळच्या खेड्यातली, वडील मराठी शाळेत मास्तर. शेतकीची पदवी घेऊन ती मशीनकडून चित्रं काढण्याचं हे काम स्वतःच घरी बसून शिकली होती. तीन महिने उमेदवारी, मग ठरवू, असं अभयने तिला सांगितलं होतं. आत्मारामने तिच्याकडे एकदा वरून खाली बघितलं आणि विचारलं, "आंब्याचा देठ कुठून तोडतात?"

"थोडा ठेवून तोडतात काका, नायतर चीक गळतो. का?"

"काय नाय. बस."

नोट त्याने अभयला न विचारता, अख्खी, तिच्या ताब्यात दिली. अभयला त्याने खरोखरच दोन पानं वेगळी करून दिली होती. दीक्षाने त्रेसष्ट पानं त्याच दिवशी बसून वाचली. विलायती म्हातारीपाशी ती इतकी हसली की पाणी भरणारी बाई बघायला आली. लाल आंब्याच्या पानाशी मात्र तिने वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, "काका, हे मला कुणी दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर. मी पण यातच अडकले होते, नऊ नाय, पंधरा दिवस."

आत्मारामचा अंगठा त्या दिवशी थांबलेला होता.

मंगळवारी ती कामाला लागली. गुरुवारी कमलाबाई यायच्या होत्या, कोकम आगळाच्या बाटलीसाठी नवं चित्र हवं होतं, मान उजवीकडे वळवलेली. दीक्षाने शहाण्या माणसासारखं केलं. नवं करण्याआधी जुनं जसंच्या तसं काढून बघितलं, म्हणजे आपण बरोबर वाटेवर आहोत हे कळतं. पहिल्या पाकिटाचा प्रॉम्प्ट, तोच सीड, तीच आवृत्ती. चित्र आलं. अंगणातली सावली तीच, लुगड्याची चुणी न् चुणी तीच, ताटाच्या काठावरचा रसाचा थेंबसुद्धा तिथेच. फक्त चेहरा वेगळा. कुणीतरी अनोळखी बाई कमलाबाईंच्या लुगड्यात येऊन बसली होती.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग नव्या चित्रावर प्रयत्न केले, जुनं पाकीट नमुना म्हणून दाखवलं, तर मशीनने त्या हसण्यावरून इस्त्री फिरवली. संध्याकाळी ती आत्मारामच्या टेबलाशी आली. बोलताना आवाज खाली.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"विचार गो."

"बाकी सगळं हुबेहूब येतंय आणि तोंडच तेवढं नाय येत. मशीन असं करीत नाय. एक तर सगळं सारखं येईल, नायतर सगळं बदलेल. तुम्ही तोंडावर नंतर काय केलं होतंत का?"

केबिनचं दार उघडं होतं. आत अभय कुणाला तरी फोनवर सांगत होता, आमच्याकडे सगळं ऑटोमॅटिक आहे, माणसावर काही अवलंबून नाही. आत्मारामने ते ऐकलं.

"नाय," तो म्हणाला. "आकडा बरोबर आहे. तुझीच काहीतरी चूक होतेय."

ती मान हलवून परत गेली. तिच्या डोळ्यांना जे दिसत होतं त्याच्यापेक्षा तिने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. जो माणूस स्वतःच्या चारशे चुका तारखेनिशी लिहितो तो एका गोष्टीबद्दल कशाला खोटं बोलेल?

बुधवारी अभयने तिला सगळ्यांसमोर झापलं. केबिनमध्ये नव्हे, बाहेर, खोलीच्या मधोमध.

"नोट तयार, आकडे तयार. नक्कल मारायचं काम आहे हे. तेही तीन दिवसांत जमत नाही?"

"सर, मी एकशे चाळीस वेळा—"

"मला आकडे सांगू नको. उद्या काकू समोर बसणार. चेहरा जमला तर जमला. नाही तर तू दापोलीची एसटी धर, मी पुण्याहून कुणीतरी बघतो."

दीक्षा रडली नाही. ती पाणी प्यायली, जागेवर बसली आणि काहीतरी टाइप करू लागली. आत्माराम आपल्या खुर्चीत ताठ बसून होता. राग त्याच्या कानांपर्यंत आला होता, अभयवरचा राग, पण तो तोंडातून बाहेर पडेना, कारण तोंडाशी दुसरंच काहीतरी आडवं बसलेलं होतं.

गुरुवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला आणि संगणकावर नोट उघडली. फसलेल्या प्रयत्नांच्या यादीत शेवटी नवी नोंद होती. त्याच्याच पद्धतीने, तारीख, आकडा, सगळं.

"पहिल्या पाकिटाचं चित्र, एकशे चाळीस प्रयत्न. चेहरा जमला नाही. नोट तपासली, नोट बरोबर आहे. यंत्र तपासलं, यंत्र बरोबर आहे. कारण, माझी नजर कमी पडते. पुढे जो कोणी येईल त्याने काकांना आधीच भेटून घ्यावं, मला उशीर झाला. दीक्षा पवार."

आत्मारामने ते तीनदा वाचलं. आयुष्यात त्याने पुष्कळ लोकांवर राग काढला होता, पंचांवर, फ्लेक्सवर, मेलेल्या सहदेवशेठवरसुद्धा, लवकर गेले म्हणून. पण राग असा उलटा फिरून आपल्याच अंगावर येतो, हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. त्रेसष्ट पानांत एक गोष्ट लपवलेली होती आणि तिचा दोष या पोरीने स्वतःच्या नावावर लिहून घेतला होता.

अकराला कमलाबाई आल्या. वय ऐंशीला टेकलेलं, हातात काठी, काठी फक्त लोकांना दाखवायला. अभयने खुर्ची पुढे केली, सरबत मागवलं. दीक्षाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. स्क्रीनवर ती अनोळखी बाई मान वळवून बसली होती.

कमलाबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "ही कोण?"

"काकू, नवीन मुलगी आहे, तिला अजून—" अभयने सुरुवात केली.

"तिचं काही चुकलेलं नाही," आत्माराम म्हणाला.

तो उठला होता. खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला होता, पंधरा वर्षं विंगेतून नाटक बघितलेला माणूस पहिल्यांदा पुढच्या दिव्यांत आल्यासारखा.

"काका, नंतर बोलू," अभय म्हणाला.

"तीन वर्षं नंतरच बोलतोय. मशीनला काकींचं तोंड कधी आलंच नाय. पहिल्या दिवसापासून नाय. एकोणीसच्या एकोणीस तोंडं मी हाताने काढली. तुला ठाऊक नाय, कारण तू कधी बघितलंच नायस. तू पेटीवर थाप मारलीस आणि वळलास."

"म्हणजे तुम्ही तीन वर्षं मला फसवलंत?" अभयचा चेहरा लाल झाला. "मी सगळ्या मार्केटमध्ये सांगतोय की—"

"सांगत होतास ते ऐकतच होतो. फसवलंच तुला. तुला फसवल्याचं मला काय वाटत नाय, तुझ्या बापासमोरही कबूल करीन. पण त्या पोरीने मला सरळ विचारलं आणि मी तिला तोंडावर खोटं सांगितलं. काल तू तिला चारचौघांत बोलत होतास आणि मी ढिम्म बसून ऐकलं. तुझ्यावरच्या रागापायी मी तिच्या पोटावर पाय दिला. आता तुला कुणाला एसटीत बसवायचं असेल तर मला बसव, मे अखेरची वाट बघू नको."

खाली एका रिक्षाने बराच वेळ हॉर्न वाजवला.

कमलाबाईंनी सरबताचा पेला खाली ठेवला. "आत्माराम, इकडे ये. त्या एकोणीस वेळी मला समोर बसवलंस का रे?"

"नाय काकी. डोळ्यांसमोर होतात तशा काढल्या."

"कुठल्या डोळ्यांसमोर? मेल्या, पाकिटावर माझे बत्तीसच्या बत्तीस दात आहेत. इथं आठ उरलेत. सुना म्हणतात, आई, पाकिटावर तुम्ही तुमच्याच सून दिसता. पहिल्या दिवशी हरखून ही मी म्हणाले खरी, पण मग वाटायचं मशीनची चूक, म्हणून गप्प होते. तुझी आहे होय?"

दीक्षाला हसू आलं आणि तिने तोंडावर हात धरला. आत्माराम मात्र हसला नाही. तो खरोखर विचार करत होता. हातखंब्याच्या बोर्डासाठी काढलेलं तोंडच तो तीन वर्षं गिरवत आला होता. समोर बसलेल्या बाईकडे त्याने बघितलंच नव्हतं.

"हो. तीही माझीच," तो म्हणाला. "लिहितो."

तो दीक्षाच्या टेबलाशी गेला, नोट उघडली आणि उभ्या उभ्याच दोन बोटांनी टाइप करू लागला. पहिल्या चित्राच्या पानावर, मग बाकीच्या अठरांच्या. चेहरा हाताने, आत्माराम रेवाळे. फसलेल्यांच्या यादीत दीक्षाच्या नोंदीखाली त्याने लिहिलं, "वरील नोंदीतलं कारण चूक आहे. तिची नजर बरोबर होती. काकांनी खोटं सांगितलं." आणि त्याखाली आणखी एक, "चेहरा आठवणीतून काढू नये. माणूस जिवंत असेल तर बोलावून समोर बसवावा."

"हे नोटेत राहणार नाही," अभय म्हणाला. आवाज आता कमी झाला होता. "क्लायंटच्या हातात पडली तर—"

"क्लायंट इथं बसलाय," कमलाबाई म्हणाल्या. "मी सगळं ऐकलं. राहू दे ते. आणि माझं काम ही मुलगी करील, पुण्याचा कोण नको. पण तोंड माझं हवं, आजचं. दात आठ तर आठ."

अभयने दोन पानांची नोट टेबलावरून उचलली, घडी करून खिशात घातली आणि केबिनमध्ये गेला. या वेळी दार आपटलं. आत्मारामला ते बरं वाटलं.

त्याने आपली खुर्ची ओढली आणि दीक्षाच्या बाजूला ठेवली. डिजिटल पेन तिच्या हातात दिला. कमलाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या, काठी मांडीवर आडवी, मान उजवीकडे वळवलेली. पेन अनोळखी बाईच्या ओठांपाशी आला आणि थांबला. दीक्षाने मान वर करून आत्मारामकडे बघितलं, जमेल का, असं विचारणारं बघणं.

आत्मारामने चष्मा लावला. अंगठा अजून तर्जनीवर फिरत होता, राग काही एका सकाळीत जात नाही.

"डावा कोपरा आधी," तो म्हणाला. "आणि माझ्याकडे काय बघतेस गो, काकींकडे बघ."